हप्ता अडकला, मग ॲप कधी बंद करायचं? ग्रेसची मुदत आणि परत आलेल्या पैशांचा खरा हिशेब

नागपुरात एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांचा एक मोठा वर्ग आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून येऊन खोली करून राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि मोबाईलवर एखादी टेस्ट सिरीज लावून घेतात. अशा टेस्ट सिरीजची फी आजकाल महिन्याच्या महिन्याला यूपीआय ऑटोपेने आपोआप कापली जाते. खात्यात पैसे नसले की हप्ता अडकतो, आणि क्लासवाल्यासमोर प्रश्न येतो: ॲप लगेच बंद करायचं, की थोडे दिवस चालू ठेवायचं?

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर हप्ता कापून देणाऱ्या पेमेंट गेटवेच्या सेटिंगमध्ये आधीपासून भरलेला आकडा देतो. तीन दिवस ग्रेस, म्हणजे पैसे न येताही ॲप चालू, मग कुलूप. पण ग्रेस किती दिवसांची, त्या काळात काय उघडं राहील आणि उशिरा पैसे आल्यावर पुढची तारीख कोणती धरायची, या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. एक बदलली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या, तर वसुलीचा टक्का वाढलेला दिसतो आणि वर्षाची जमा मात्र घटते. हे कसं होतं, ते महिना ३९९ रुपयांच्या एका टेस्ट सिरीजचं उदाहरण धरून पाहू. खालचे ग्राहकसंख्येचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून काढायचे.

आधी बघा, हप्ता अडकला कशामुळे

अडकलेले सगळे हप्ते एका टोपलीत टाकले की पुढचं सगळं चुकतं. कारणं ढोबळमानाने तीन. खात्यात शिल्लक नाही, हे पहिलं. यूपीआयच्या उत्तरात ते बहुधा `Z9` या कोडने येतं. दुसरं, बँकेचा सर्व्हर त्या वेळी बसला होता. तिसरं, ग्राहकाने आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेटच, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगीच, रद्द केली किंवा थांबवली.

ग्रेस खरी लागते ती पहिल्याला. दुसऱ्या प्रकारचे पैसे पुढच्या प्रयत्नात बहुतेक येऊनच जातात, त्यांना तर काही कळवायचीही गरज नसते. तिसऱ्याला कितीही दिवस थांबा, आपोआप काही होणार नाही, कारण परवानगीच उरलेली नाही. मँडेट रद्द झाल्याची सूचना गेटवेकडून वेगळी येते. ती ऐकणारा कोड लिहिलेला नसेल, तर हा माणूस तारखेच्या दिवशी "पेमेंट फेल" म्हणून यादीत येतो आणि त्याला फुकटची ग्रेस मिळते. त्याने भरलेला महिना पूर्ण होईपर्यंत ॲप चालू ठेवा, दोन दिवस आधी नवा मँडेट करण्याची लिंक पाठवा आणि तारखेला बंद करा. जायचं ठरवलेल्याला ग्रेस देऊन पैसे वसूल होत नाहीत.

किती प्रयत्न हातात आहेत

यूपीआय ऑटोपेमध्ये हवे तितके वेळा खातं खटखटवता येत नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या नियमांनुसार एका हप्त्यासाठी पहिला प्रयत्न आणि त्यानंतर जास्तीत जास्त तीन, एवढीच मुभा आहे. तेही गर्दीची वेळ सोडून: सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, किंवा रात्री ९:३० नंतर. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते.

म्हणजे चार गोळ्या आहेत. तारीख २५ असेल आणि गेटवे रोज एक प्रयत्न करत असेल, तर २८ तारखेला बंदूक रिकामी. आणि या पोरांच्या खात्यात पैसे येतात कधी? घरून येतात ते वडिलांचा पगार झाल्यावर, म्हणजे १ ते ५ च्या दरम्यान. कोणी स्वतः पार्टटाइम काम करत असेल तर त्याचाही पगार त्याच आठवड्यात. पैसे येण्याच्या आधीच प्रयत्न संपले आणि तीन दिवसांची ग्रेसही संपली. मग फोन येतो: "सर, घरून पैसे यायचेच आहे, पाच तारखेपर्यंत येऊन जातील. तोपर्यंत चालू ठेवा नं." हे पोरगं पैसे बुडवणारं नाही, आपणच त्याला चुकीच्या दिवशी गाठलं.

म्हणून गेटवेला विचारा की प्रयत्नांचे दिवस आपल्याला ठरवता येतात का. येत असतील तर महिनाअखेरीच्या हप्त्यांसाठी दुसरा प्रयत्न दुसऱ्या दिवशी आणि उरलेले दोन पुढच्या महिन्याच्या २ आणि ६ तारखेला ठेवा. येत नसतील तर शेवटच्या प्रयत्नानंतर एकदाच पैसे भरण्याची साधी लिंक हाच मार्ग उरतो, आणि ती लिंक पोचेपर्यंत ग्रेस जिवंत असली पाहिजे.

मुदत कुठे संपवायची

यासाठी कोणाचा सल्ला नको, जुना डेटा काढा. पहिल्या प्रयत्नात अडकलेले आणि नंतर भरले गेलेले हप्ते कितव्या दिवशी आले, एवढंच मोजायचं. मायएसक्यूएलमध्ये ते असं निघेल. तक्त्यांची नावं तुमची टाका:

```sql
SELECT DATEDIFF(paid_at, due_at) AS late_days,
       method, COUNT(*) AS n
FROM invoices
WHERE first_attempt = 'failed'
  AND paid_at IS NOT NULL
  AND due_at < CURDATE() - INTERVAL 45 DAY
GROUP BY late_days, method
ORDER BY late_days;
```

४५ दिवसांची अट काढू नका. गेल्या आठवड्यात अडकलेल्या हप्त्यांना अजून भरायला वेळच मिळालेला नसतो. ते धरले की उशिरा येणारे पैसे आहेत त्यापेक्षा कमी दिसतात आणि मुदत आखूड ठेवावीशी वाटते.

हाच तक्ता मग हप्त्याच्या तारखेप्रमाणे दोन भागांत तोडा: महिन्याच्या ५ ते १५ मध्ये येणारे हप्ते एकीकडे, २४ नंतरचे दुसरीकडे. पहिल्या गटातले पैसे चार-पाच दिवसांत येऊन ओघ आटतो. दुसऱ्या गटात पहिले काही दिवस शांतता, आणि १ तारखेनंतर एकदम उसळी. दोन्ही गट एकत्र पाहिले तर ही उसळी दिसतच नाही, कारण ती कोणाच्या तिसऱ्या दिवशी येते, कोणाच्या आठव्या.

त्यामुळे ग्रेस दिवसांत मोजण्यापेक्षा तारखेवर बांधलेली बरी. आपल्या उदाहरणात नियम असा ठेवू: हप्ता २४ तारखेला किंवा त्यानंतर असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, बाकी सगळ्यांना पाच दिवस. महिनाअखेरीच्या गटाला जास्तीत जास्त दोन आठवडे मिळतात. त्यापुढे मी जाणार नाही, आणि त्याचं कारण पुढच्या तारखेच्या हिशेबात आहे.

उशिरा पैसे आले, पुढची तारीख कोणती?

सगळ्यात जास्त पैसा इथे गळतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं.

समजा एका मुलीची तारीख २५ आहे. ती दर महिन्याला आठ दिवस उशिरा भरते. त्या आठ दिवसांत तिला ॲप पूर्ण चालू होतं. पैसे आल्यावर सिस्टीमने त्या दिवसापासून नवे ३० दिवस मोजले, तर तिचा एक हप्ता ३८ दिवसांचा झाला. वर्षाचे ३६५ दिवस भागिले ३८ म्हणजे साडेनऊपेक्षा थोडे जास्त हप्ते. बाराऐवजी साडेनऊ. ३९९ च्या हिशेबाने वर्षाला साधारण ९५० रुपये गेले. गंमत म्हणजे डॅशबोर्डवर हिची वसुली शंभर टक्के दिसते, कारण अडकलेला प्रत्येक हप्ता शेवटी आलाच. पाचवा हिस्सा कुठे गेला, ते कोणत्याही आलेखात दिसत नाही.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. ॲप तिसऱ्या दिवशी बंद केलं, पैसे बाराव्या दिवशी आले, आणि पुढची तारीख मात्र जुनीच ठेवली. मधले नऊ दिवस ज्याला काही दिसलं नाही, त्याच्याकडून पूर्ण महिन्याचे पैसे घेतले. तो फोन करून भांडतो किंवा गुपचूप मँडेट काढून टाकतो. दुसरं जास्त होतं.

नियम म्हणून सोपा आहे: ज्या दिवसांत ॲप चालू होतं त्या दिवसांचे पैसे घ्यायचे, बंद होतं त्यांचे नाही. ग्रेसमध्ये भरलं तर तारीख जुनीच. ग्रेस संपून बंद झाल्यावर भरलं तर भरल्याच्या दिवसापासून नवा महिना. गूगल प्ले आणि ॲपल दोघांच्याही सदस्यत्वांमध्ये हीच रीत आहे: ग्रेसमध्ये पैसे आले तर नूतनीकरणाची तारीख हलत नाही, ॲक्सेस गेल्यानंतर आले तर नवी तारीख लागते.

आता दोन आठवड्यांच्या मर्यादेचं कारण. ग्रेस २२ दिवसांची केली आणि शेवटच्या दिवशी पैसे आले, तर जुन्या तारखेमुळे पुढचा हप्ता आठ दिवसांवर येतो. आठ दिवसांत ३९९ दोनदा कापले गेले की महिन्याला मोजून पैसे मिळणारं पोरगं घाबरतं. मग त्या ग्राहकाचा पुढचा हप्ता तर जातोच, पुढचं वर्षही जातं.

ग्रेसमध्ये काय उघडं ठेवायचं

सगळं चालू किंवा सगळं बंद, असे दोनच पर्याय समजू नका. प्रत्येक सोयीपुढे दोन प्रश्न लिहा: ही वापरली की माझ्या खिशातून काही जातं का, आणि ही माणसाची स्वतःची मेहनत आहे का?

रेकॉर्ड केलेलं लेक्चर आणखी एकाने पाहिलं तर खर्च नगण्य. ते चालू राहू द्या. शंका सोडवणाऱ्या शिक्षकाला तासावर पैसे द्यावे लागतात. ती सोय ग्रेसच्या पहिल्याच दिवशी थांबवा, पण बाकी सगळं चालू आहे हे तिथेच स्पष्ट लिहा. पीडीएफच्या थोक डाउनलोडवर मर्यादा घाला, कारण एका रात्रीत सगळं उतरवून घेतलं की परत येण्याचं कारण संपतं. स्वतःचे जुने निकाल, चुकलेल्या प्रश्नांची यादी, टिपणं हे मात्र कधीच बंद करू नका, ग्रेस संपल्यावरही नाही. सहा महिन्यांचे निकाल आत अडकले म्हणून कोणी पैसे भरत असेल, तर तो एकदाच भरतो आणि सगळीकडे सांगत सुटतो.

बंद करण्याची वेळही नीट निवडा. रविवारी सकाळी पूर्ण सराव परीक्षा असते. शनिवारी रात्री १२ वाजता ग्रेस संपली, तर रविवारी सकाळी फोन घणघणतात आणि सुरू असलेली टेस्ट मध्येच अडकते. मुदत शनिवार-रविवारी संपत असेल तर ती सोमवारी दुपारपर्यंत न्या. सुरू झालेली टेस्ट संपेपर्यंत कुलूप लागणार नाही, ही अट कोडमध्ये वेगळी घाला.

एक अपवाद. ज्याने अजून एकही पूर्ण हप्ता भरलेला नाही, म्हणजे एक रुपयाच्या ट्रायलवरून आलेला आणि पहिल्याच खऱ्या हप्त्याला अडकलेला, त्याला लांब ग्रेस देऊ नका. दोन दिवस पुरे. या गटात फुकटे खरोखर असतात. तीन-चार हप्ते नियमित भरलेल्यांमध्ये फारच कमी, आणि त्यांच्याशी संशयाने वागलं की नुकसानच होतं.

लिंक आणि ऑटोपे एकमेकांवर आदळले तर

लिंकमुळे एक खास घोळ होतो. रात्री ९:१० ला मुलाने आठवणीचा मेसेज पाहिला, लिंक उघडली, मित्राकडून पैसे मागवले आणि ९:४० ला ३९९ भरले. तिकडे ९:३० नंतरची मोकळी वेळ सुरू होताच ऑटोपेचा राखून ठेवलेला प्रयत्न निघाला, आणि मित्राने जरा जास्त पाठवलेले असल्याने तोही यशस्वी झाला. दोनदा कापले. दुसऱ्या दिवशी परतावा द्याल, पण मँडेट त्याने रात्रीच काढलेलं असतं.

उपाय दोन आहेत, दोन्ही करा. ज्या दिवशी ऑटोपेचा प्रयत्न ठरला आहे त्या दिवशी लिंक पाठवू नका. आणि लिंकला मुदत घाला, म्हणजे पुढच्या प्रयत्नाच्या आदल्या दिवशी ती आपोआप मरेल. लिंकने पैसे आले तर उरलेले प्रयत्न त्याच क्षणी रद्द झाले पाहिजेत. पैसे जमा होताना इनव्हॉइस आधीच भरलेलं आहे का, ही तपासणी शेवटची जाळी.

मेसेज छोटा आणि मुदतीची तारीख सांगणारा असावा: "तुमचा सप्टेंबरचा हप्ता खात्यात शिल्लक नसल्यामुळे जमा झाला नाही. ॲप ७ ऑक्टोबरपर्यंत चालू राहील. पुढचा प्रयत्न २ तारखेला सकाळी होईल, तोपर्यंत ३९९ रुपये खात्यात ठेवा." धमकी नको, "लवकरात लवकर" नको. तारीख दिली की पोरं तिच्या हिशेबाने पैसे बाजूला ठेवतात.

नवा नियम जुन्यापेक्षा बरा, हे कसं ठरवायचं

बरेचसे डॅशबोर्ड पहिल्या अपयशानंतर आलेला प्रत्येक रुपया "रिकव्हर्ड" म्हणून दाखवतात. त्यातले कितीतरी पैसे काहीही न करता आलेच असते. शिवाय ग्रेस लांबवली आणि टक्का ग्रेस संपताना मोजला, तर तो वाढणारच, कारण मोजणीचेच दिवस वाढले. म्हणून तुलना एकाच खिडकीतून करायची: हप्ता अडकल्यापासून ६० दिवसांत त्या ग्राहकाकडून एकूण किती रुपये आले. यात पुढचा हप्ताही येतो, आणि तो यायलाच हवा.

समजा शिल्लक नसल्यामुळे १२० जणांचे हप्ते अडकले. ग्राहक क्रमांक सम असेल तर जुना नियम, विषम असेल तर नवा, असे ६०-६० केले. जुन्या नियमात ३१ जणांनी अडकलेला हप्ता भरला आणि त्यातल्या २४ जणांनी पुढचाही. एकूण ५५ हप्ते, २१,९४५ रुपये. नव्या नियमात ३८ आणि ३३, म्हणजे ७१ हप्ते, २८,३२९ रुपये. फरक ६,३८४ रुपयांचा. यातला मोठा भाग, १६ पैकी ९ हप्ते, पुढच्या महिन्याचा आहे. फक्त अडकलेल्या हप्त्याची वसुली मोजली असती, तर निम्म्याहून जास्त फायदा नजरेआड राहिला असता.

फायदा मोजला तसा तोटाही शोधा. नव्या गटात पहिल्या तीन दिवसांत भरणारे जुन्या गटापेक्षा बरेच कमी झाले असतील, तर जे वेळेवर भरत होते तेही आता सात तारखेची वाट पाहतात. जुन्या तारखेचा नियम पाळला असेल तर त्याने वर्षाची जमा कमी होत नाही, फक्त हातात उशिरा येते. पण तारीख पुढे सरकत असेल तर हीच सवय वरचं साडेनऊ हप्त्यांचं गणित घडवते.

आणि ६० विरुद्ध ६० वर निकाल लावू नका. ३१ आणि ३८ मधला फरक एखाद्या महिन्यात नुसत्या योगायोगानेही पडतो. तीन-चार महिने तोच प्रयोग चालू द्या, मध्ये मेसेजचा मजकूर किंवा फी बदलू नका, आणि भरतीची जाहिरात आलेला महिना वेगळा काढून बघा; त्या महिन्यात सगळेच धावत येऊन भरतात.

जो दर महिन्याला अडकतो त्याची तारीखच हलवा

लागोपाठ दोन महिने ज्याचे पैसे १ तारखेनंतर आले, त्याला ग्रेस देत बसण्यापेक्षा तारीख बदलून द्या. २५ सप्टेंबरचा हप्ता ५ ऑक्टोबरवर न्यायचा, तर मधल्या दहा दिवसांचे १३३ रुपये एकदा घ्यायचे आणि ५ तारखेपासून पूर्ण ३९९ चा नवा मँडेट करायचा. नव्या मँडेटसाठी त्याला एकदा पिन टाकावा लागेल, आणि या पायरीवर काही जण गळतात. म्हणून ही विनंती पैसे नुकतेच भरले त्या दिवशी करा, अडकलेल्या दिवशी नाही. जुनं मँडेट त्याच वेळी तुमच्या बाजूने रद्द करा, नाहीतर २५ ला तेही निघेल.

मुदत संपल्यावर

रेझरपेसारख्या गेटवेमध्ये अडकलेलं सदस्यत्व आधी `pending` होतं आणि प्रयत्न संपले की `halted`. ग्रेस तुमच्या ॲपमध्ये राहते, गेटवेमध्ये नाही. `halted` आलं म्हणून लगेच कुलूप लावणारा कोड असेल तर वरचा तारखेचा नियम कागदावरच राहील. दोन्ही गोष्टी वेगळ्या रकान्यांत ठेवा.

बंद झाल्यानंतर एक मेसेज त्याच दिवशी, एक पुढच्या भरतीची जाहिरात येईल तेव्हा. रोज एक पाठवला तर नंबर ब्लॉक होतो आणि मग जाहिरातीचाही पोचत नाही. ६० दिवसांत काही आलं नाही तर सदस्यत्व स्वतःहून रद्द करा आणि मँडेटही काढून टाका. तीन महिन्यांनी कोणी नव्या कर्मचाऱ्याने ते चुकून पुन्हा चालू केलं आणि अभ्यास सोडून गावी गेलेल्या पोराच्या खात्यातून ३९९ गेले, तर बँकेकडे तक्रार होते, आणि ती तुमच्या गेटवेच्या खात्यावर नोंदली जाते. निकाल आणि टिपणं वर्षभर ठेवा. नापास झालेला पोरगा पुढच्या परीक्षेला परत येतो, आणि जुने निकाल जिथे जपून ठेवलेले असतात तिथेच बहुधा येतो.